सॉइल हेल्थ कार्डवर पोटॅश 486 आणि स्फुरद 'मध्यम', मग सोयाबीनला खत कोणतं?

प्रश्न: "कार्डचा फोटो टाकलाय, बघून सांगा. परभणी जिल्हा, काळी जमीन, कोरडवाहू, अडीच एकर. खरिपात सोयाबीन आणि मधे तूर घ्यायचीय. दुकानदार म्हणतो एकरी दोन बॅग 10:26:26 टाका, बाकी काही बघू नका. कार्डवर स्फुरद मध्यम, पोटॅश जास्त, जस्त आणि लोह कमी लिहिलंय. वरच्या बाजूला सोयाबीन दरवर्षी पिवळं पडतं, युरिया टाकूनही सुधारत नाही. नेमकं काय टाकू?"

उत्तर:

दादा, फोटो झूम करून बघितला, पण तिरका काढलाय आणि वर लॅमिनेशनची चमक आलीय, त्यामुळे स्फुरदचा आकडा आधी मला 112 दिसला. मग बाजूचा पातळीचा रकाना बघितला तर तिथे 'मध्यम'. 112 असता तर मध्यम कशाला लिहिलं असतं, म्हणजे तो 11.2 आहे, दशांशाचा ठिपका चमकेत गेलाय. गंधकाचंही तेच, 84 नाही, 8.4. फोटोवरून कार्ड वाचताना ही पहिली सवय लावून घ्या, आकडा आणि त्याच्या शेजारची पातळी जुळते का ते बघायचं, नाहीतर एका ठिपक्यात खताचं सगळं गणित उलटं होतं. पुढच्या वेळी कार्ड प्लॅस्टिकमधून काढून सावलीत जमिनीवर ठेवा आणि सरळ वरून फोटो घ्या.

मी जे वाचलं ते लिहितो, चुकलं असेल तर सांगा. सामू 8.2, क्षारता 0.38, सेंद्रिय कर्ब 0.42 टक्के, नत्र 168, स्फुरद 11.2, पालाश 486 (हे तिन्ही हेक्टरी किलोत), गंधक 8.4, जस्त 0.42, लोह 3.1 (हे पीपीएममध्ये). तांबं, मँगनीज, बोरॉन ठीक आहेत, ते आज सोडून द्या.

अजून एक गोष्ट कार्डच्या वरच्या कोपऱ्यात आहे जी सहसा कोणी वाचत नाही. नमुन्याची तारीख एप्रिल 2024 आहे आणि क्षेत्र कोरडवाहू लिहिलंय. या योजनेत नमुने प्रत्येक शेतातून घ्यायचे असं नव्हतंच, गावाचे चौकोन पाडून बागायतात अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक असा नमुना घ्यायची पद्धत होती. म्हणजे दहा हेक्टरात तुम्ही आणि शेजारचे पाच-सहा जण, सगळ्यांच्या कार्डवर तेच आकडे. तुमच्या भावकीतल्या कोणाचं कार्ड शेजारी ठेवून बघा, आकडे पॉइंटासकट सेम निघाले तर समजायचं की माती एकाच वावरातली आहे, आणि ते वावर तुमचं असेलच असं नाही. म्हणून कार्ड फेकून द्यायचं असं मी म्हणत नाही. एकाच पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत पोटॅश, सामू, जस्त फार काही बदलत नाही. स्फुरद मात्र बदलतो, कारण तो कोणी किती डीएपी ओतलाय त्यावर असतो. आणि तुम्ही म्हणता तो वरचा पिवळा पडणारा तुकडा तर या कार्डात बहुतेक आलेलाच नाही, त्याच्याकडे शेवटी येतो.

आता मुख्य मुद्दा, तो 'मध्यम' शब्द. कार्डवर छापलेली जी पातळी आहे ती देशभराची पट्टी आहे, तिच्यात स्फुरद 10 ते 25 म्हणजे मध्यम. आपल्या महाराष्ट्रात माती परीक्षणाला सहा पायऱ्यांची पट्टी वापरतात, अत्यंत कमी, कमी, मध्यम, थोडं जास्त, जास्त, अत्यंत जास्त. त्या पट्टीत 7 ते 14 म्हणजे 'कमी'. म्हणजे तोच 11.2, एका पट्टीने पास आणि दुसऱ्या पट्टीने नापास! माझं विचाराल तर तुमच्या जमिनीला आपली सहा पायऱ्यांचीच पट्टी धरा. कारण सामू 8.2 आहे म्हणजे जमिनीत चुनखडी आहे, आणि चुनखडीच्या जमिनीत टाकलेला स्फुरद कॅल्शियमबरोबर बांधला जातो, पिकाला त्यातला थोडाच पहिल्या हंगामात मिळतो. अशा ठिकाणी 11 ला मध्यम म्हणून डोस कमी केला की सोयाबीन सुरुवातीलाच मुळं कमी धरतं, गाठी कमी धरतं, आणि ते दिसत नाही, फक्त उतारा कमी येतो.

आपल्या पट्टीचा नियम ढोबळमानाने असा की मध्यम असेल तर शिफारस आहे तेवढं, कमी असेल तर पाव हिस्सा वाढवायचा, अत्यंत जास्त असेल तर निम्मं करायचं. मराठवाड्यात सोयाबीनला शिफारस हेक्टरी 30 नत्र, 60 स्फुरद, 30 पालाश आणि 20 गंधक अशी धरतात. अडीच एकर म्हणजे एक हेक्टर, पण बॅग आपण एकराने मोजतो म्हणून सगळ्याला अडीचने भागा, 12, 24, 12 आणि 8. इथेच लोक घसरतात, कार्डवरचा हेक्टरी आकडा एकरी समजून टाकतात आणि मग अडीचपट खत जातं, हे मी दरवर्षी दोन-चार जणांचं तरी बघतो.

आता एकेक करून बघू. स्फुरद कमी, म्हणून 24 चा 30 करायचा. पालाश 486 आहे, आपल्या पट्टीत 300 च्या वर म्हणजे अत्यंत जास्त, म्हणून 12 चा 6. आणि खरं सांगू का, कोरडवाहू सोयाबीनच्या एका हंगामाला तो सहा किलोही मी सोडून देतो, आपल्या काळ्या चिकणमातीत पोटॅश भरपूर धरलेला असतो. (ऊस किंवा केळी असती तर हे बोललो नसतो, ती पिकं पोटॅश ओढून काढतात.) आता दुकानदाराचा सल्ला याच्या शेजारी ठेवा. दोन बॅग 10:26:26 म्हणजे 26 किलो स्फुरद आणि 26 किलो पोटॅश. ज्याची गरज आहे तो स्फुरद थोडा कमी पडतोय, ज्याची गरज नाही तो पोटॅश चौपट विकत घेताय, आणि गंधक शून्य. सोयाबीन हे तेलबियाचं पीक, गंधक 10 पीपीएमच्या खाली असला की त्याला हवाच, तुमचा 8.4 आहे. दुकानदार मुद्दाम फसवतो असं नाही, त्याच्याकडे जे पोतं आलंय ते तो सांगतो, पण तुमचं कार्ड त्याने बघितलेलं नाही.

नत्राचं कार्डवर 'कमी' आहे, 168. हा आकडा बघून घाबरू नका, आणि पाव हिस्सा वाढवूही नका. आपल्याकडे कर्ब कमी असल्यामुळे बहुतेक कार्डांवर नत्र कमीच येतो. सोयाबीन स्वतःचा नत्र गाठींमधून मिळवतं, सुरुवातीला फक्त आधार लागतो. तुम्ही युरिया टाकता त्याने उलट गाठींचं काम मंदावतं, झाड नुसतं वाढतं, लोळतं, शेंगा कमी लागतात.

तर मी तुमच्या जागी असतो तर एकरी असं घेतलं असतं: डीएपी एक बॅग आणि सिंगल सुपर फॉस्फेट एक बॅग, दोन्ही 50 किलोच्या. डीएपीच्या बॅगेतून 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद, सुपरच्या बॅगेतून 8 किलो स्फुरद आणि साडेपाच किलो गंधक. स्फुरद 31 झाला, 30 पाहिजे होता. नत्र तीन किलो कमी पडतो, पडू द्या. गंधक थोडा कमी आहे, त्यातला काही जस्ताच्या खतातून भागतोय, ते खाली सांगतो. अडीच एकराला अडीच-अडीच बॅगा.

डीएपी मिळालं नाही तर (जूनमध्ये मिळत नाहीच म्हणून समजा, मे महिन्यातच बघून ठेवा) सगळा स्फुरद सुपरमधून द्या, एकरी पावणेचार बॅगा, आणि सोबत 25 किलो युरिया पेरणीच्या वेळी एकदाच. त्यात गंधक भरपूर होतो पण पोती उचलायचा त्रास आणि पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीत एका फेरीत एवढं बसत नाही, दोनदा भरावं लागतं. दाणेदार सुपर घ्या, पावडर घेतली तर ओलीत गोळे होऊन नळी तुंबते.

आणि हे खत फेकायचं नाही. स्फुरद जमिनीत हलत नाही, जिथे पडला तिथेच बसतो, वर फोकून दिला तर चुनखडीला मिळेल, मुळाला नाही. यंत्राची खताची नळी बियाण्याच्या दोन-तीन बोटं खाली आणि थोडी बाजूला पडेल अशी लावून घ्या, ट्रॅक्टरवाला घाईत असतो, तो 'चालतंय' म्हणेल, तुम्ही दहा फूट पेरून झाल्यावर थांबवा आणि हाताने उकरून बघा, काळपट दाणे बियाण्याला चिकटलेले दिसले तर नळी सरकवायला लावा, नाहीतर उगवण मार खाते.

आता जस्त. 0.6 पीपीएमच्या खाली कमी समजतात, तुमचं 0.42. एकरी 10 किलो झिंक सल्फेट, साधं 21 टक्केवालं. हे एकदा टाकलं की दोन-तीन वर्षं बघायचं नाही, दरवर्षी टाकायची गरज नसते. यातून एक किलोच्या आसपास गंधकही मिळतो.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. शिकून आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी वडिलांच्या शेतात मी शहाणपणा केला, डीएपी आणि झिंक सल्फेट एकत्र कालवून यंत्राच्या पेटीत भरलं, म्हटलं एकाच फेरीत काम होईल. दुपारपर्यंत पेटीत ओलसर चिखलासारखं झालं, नळ्या तुंबल्या, अर्धं वावर बिनखताचं पेरलं गेलं हे उगवल्यावर कळलं. वडील काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळी ती पेटी माझ्याकडूनच खरवडून घेतली. तुंबलं ते दिसलं तरी, पण जे दिसत नाही ते जास्त वाईट, स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरतात आणि दोन्ही पिकाला मिळेनासे होतात. म्हणून जस्त वेगळं द्यायचं. एकरी 10 किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या दहा-बारा टोपल्या शेणखतात कालवा, थोडं पाणी शिंपडून सावलीत गोणपाटाखाली आठ दिवस ठेवा, आणि शेवटच्या वखराच्या पाळीआधी पसरून द्या. डीएपी आणि सुपर नंतर पेरणीबरोबर. झालं.

एक प्रयोग करा, खर्च काही नाही. वावराच्या मधोमध सहा तासं जस्ताशिवाय ठेवा आणि दोन्ही टोकांना काठी रोवा. कार्ड तुमच्या शेताचं आहे की शेजारच्याचं, हे त्या सहा तासांवरून जास्त चांगलं कळेल.

आता वरचा तुकडा. तुम्ही लिहिलंय की पिवळं पडतं आणि युरिया टाकूनही सुधारत नाही. मला वाटतं हा नत्राचा प्रश्न नाही, लोहाचा आहे. ओळखायचं कसं, तर पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी झड लागून गेल्यावर जाऊन बघा. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं पिवळी होतात, वरचा शेंडा हिरवा राहतो. लोह कमी असेल तर उलट, शेंड्याची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, पान धरून उजेडात बघितलं तर हिरव्या जाळीसारखं दिसतं, फार झालं की पांढरट होतं. आणि मोझॅक असेल तर पानावर हिरवे-पिवळे चट्टे वेडेवाकडे, एखादं झाड इथे एखादं तिथे, पट्टा धरून नाही. तुमचा पट्टा दरवर्षी त्याच जागी येतो ना, म्हणजे रोग नाही, जमीन आहे. वरच्या बाजूला मातीचा थर पातळ असेल आणि खालून पांढरे खडे वर येत असतील तर ती चुनखडी. पाऊस जास्त झाला, पाणी साचलं की ती चुनखडी लोहाला आणखी अडवते, आणि पंधरा दिवस ऊन पडलं की आपोआप थोडं सुधारतं, लोकांना वाटतं युरियाने सुधारलं.

कार्डवर लोह 3.1 आहे, 4.5 च्या खाली कमी, पण मी तुम्हाला फेरस सल्फेट नुसतं जमिनीत टाका असं सांगणार नाही, या जमिनीत ते पडल्या-पडल्या गंजासारखं होऊन बसतं. फवारणी करा. पंधरा लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 15 ग्रॅम लिंबूसत्व, आधी लिंबूसत्व पाण्यात विरघळवा मग फेरस टाका, लगेच फवारा. पाणी हिरवट राहिलं पाहिजे, तांबूस झालं तर ते वाया गेलं, ओतून द्या. फवारा सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर, दहा दिवसांनी दुसरा. फक्त पिवळ्या तुकड्यावर मारा, सगळ्या वावराला गरज नाही. तयार चिलेटेड लोह मिळतं तेही चालतं, पुडीवर जेवढं लिहिलंय तेवढंच घ्या. कायमचा उपाय या वर्षी नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात त्या तुकड्याची माती वेगळी काढून तपासा, नमुना देताना 'मुक्त चुनखडी' पण काढून द्या असं लॅबला सांगा, कार्डच्या बारा घटकांत ती नसते आणि तुमच्या शेताचं खरं दुखणं तिथेच आहे.

सामू कमी करायचं औषध आलंय, बाटलीत मिळतं, असं कोणी सांगेल. एक हिशेब देतो. एक एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो. त्यात चुनखडी फक्त एक टक्का धरली तरी नऊ हजार किलो झाली, ती मारायला जवळपास तीन हजार किलो गंधक लागेल. बाटलीत काय असणार आहे? सामू 8.2 ला आपली पिकं शेकडो वर्षं येतायत, क्षारता 0.38 आहे म्हणजे खारवट नाही, जिप्सम टाकायचीही गरज नाही. ते चोपण जमिनीला, जिथे सामू साडेआठच्या वर जातो आणि पाणी वर साचून राहतं.

कर्ब 0.42 आहे, त्याला एक-दोन वर्षांत काही होत नाही. सोयाबीनचं भुस्कट जाळू नका आणि सगळं विकू नका, एवढंच.

बियाण्याला बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी लावून सुकू द्या, रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू कल्चर पेरायच्या दिवशी शेवटी लावा, सावलीत, आणि लगेच पेरा. रायझोबियम सोयाबीनचंच मागा, हरभऱ्याचं पाकीट उरलेलं असतं ते देतात, त्याने गाठी येत नाहीत.

आणि पस्तीस-चाळीस दिवसांनी एक झाड ओल्या मातीतून खुरप्याने उचला, ओढू नका, गाठी तुटून जमिनीत राहतात. मुळावरची मोठी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर असेल तर ती काम करतेय, नत्राचा विषय सोडून द्या. आत हिरवट किंवा पांढरी असेल, किंवा गाठीच पाच-सहा असतील, तर मला त्याचा फोटो टाका, झाडाच्या शेंड्याचा पण टाका, आणि त्या सहा तासांचाही.

हरभरा सोयाबीनच्या मागे घेणार असाल तर तेव्हा जस्त परत टाकायचं नाही. स्फुरद मात्र हरभऱ्याला परत लागतो, कारण आज टाकलेल्यातला बराचसा चुनखडीने धरून ठेवलेला असेल. तेव्हाही 10:26:26 नाही, तेव्हाही डीएपी-सुपरच.

ता.क. तूर सोयाबीनच्या मधे आहे म्हणून तिला वेगळा डोस लिहिला नाही. सोयाबीन निघाल्यावर ती तिथलंच खाते, तिची मुळं खाली जातात.